कॉल कटतोय, तरी कंपनी म्हणते 'नेटवर्क निकषात आहे': नेमकं काय मोजतात आणि तक्रार कशी लिहायची

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना रोज रात्री नऊच्या सुमारास नागपूरहून लेकीचा फोन येतो. दीड-दोन मिनिटं छान बोलणं होतं आणि मग आवाज गायब. "हॅलो... हॅलो... अगं ऐकू येतंय का?" असं चार वेळा म्हणून काकू वैतागून लाल बटण दाबतात आणि पुन्हा फोन लावतात. तीन महिन्यांत त्यांनी कंपनीकडे सहा तक्रारी केल्या. सहाही वेळा एकच मेसेज आला, की आपल्या भागातलं नेटवर्क नियामकाच्या निकषांनुसार चालू आहे, आपली तक्रार बंद करत आहोत.

मी काही वर्षं ड्राइव्ह टेस्टच्या, म्हणजे रस्त्यावरून जात नेटवर्क मोजणाऱ्या गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन फिरलोय, म्हणून काकू तो मेसेज घेऊन माझ्याकडे आल्या. "हे लोक धडधडीत खोटं बोलतायत ना?" मी म्हटलं, "नाही काकू, बहुतेक खरंच बोलतायत. तीच तर गोम आहे." त्या वाक्याचा खुलासा करायला मला तासभर लागला. तोच इथे लिहून काढतोय, कारण असे मेसेज अनेकांना येतात आणि पुढे काय करायचं हे कोणी सांगत नाही.

आधी 'ड्रॉप' कशाला म्हणतात ते बघू. तुम्ही फोन लावता, समोरचा उचलतो, कॉल 'जुळला' अशी नोंद होते. त्यानंतर दोघांपैकी कोणीही बटण न दाबता नेटवर्ककडून कॉल संपला, तर तो तुटलेला कॉल. हिशेब शाळेतल्या टक्केवारीचा:

```
कॉल ड्रॉप दर = (तुटलेले कॉल ÷ जुळलेले कॉल) × १००
```

हा आकडा तुमच्या नंबरवर मोजत नाहीत, 'सेल'वर मोजतात. टॉवरवर साधारण तीन दिशांना अँटेना असतात, आणि एका दिशेचा एका तंत्रज्ञानाचा पट्टा म्हणजे ढोबळमानाने एक सेल. त्या सेलची यंत्रणा दिवसभर मोजत बसते, किती कॉल जुळले आणि किती कसे संपले. फोन लावताना रिंगच गेली नाही, 'नेटवर्क बिझी' आलं, तर ते या हिशेबात नाही, त्याचं खातं वेगळं.

आता काकूंकडे परत या. आवाज गेल्यावर कॉल कोणी संपवला? काकूंनी. यंत्रणेच्या लेखी तो कॉल ग्राहकाने नेहमीसारखा बंद केला. म्हणजे त्यांच्या ज्या त्रासाला आपण सगळे 'कॉल ड्रॉप' म्हणतो, तो ड्रॉपच्या खात्यात गेलाच नाही. आमच्या धंद्यात याला 'म्यूट कॉल' म्हणायचे.

हा केवळ योगायोग नव्हे, त्यामागे एक आकडा असतो. टूजीमध्ये फोनला टॉवरचा नियंत्रण-संदेश साधारण दर ०.४८ सेकंदाला मिळायचा. तो वाचता आला नाही की एक मोजणी एकने कमी होते, वाचता आला की दोनने वाढते, आणि शून्यावर आली की कॉल तुटला असं धरतात. ही मोजणी कुठून सुरू करायची ते कंपनी ठरवते. त्याला 'रेडिओ लिंक टाइमआउट' म्हणतात आणि तो ४ पासून ६४ पर्यंत ठेवता येतो. २० ठेवला तर सलग काहीच ऐकू न येता कॉल साधारण साडेनऊ सेकंद जिवंत राहतो. ६४ ठेवला तर तीस सेकंदांच्या वर. अर्धा मिनिट शांततेत फोन कानाला लावून कोण बसतं? माणूस आधीच कॉल बंद करतो आणि ड्रॉपची टक्केवारी गोंडस दिसते. हा आकडा वाढवण्याचं प्रामाणिक कारणही असतं, बोगद्यातून किंवा पुलाखालून जाताना दोन-चार सेकंदांची खोट सावरते. त्यामुळे मोठा आकडा दिसला की लगेच लबाडी म्हणू नये, पण लपवाछपवीला जागा नक्कीच आहे. दूरसंचार क्षेत्राचा नियामक असलेल्या ट्रायनेही हा प्रकार हेरला होता.

फोरजीवर, म्हणजे व्होल्टीवर, गोष्ट थोडी वेगळी. तिथे आवाज डेटाच्या पाकिटांतून जातो. सिग्नल काठावर असला की पाकिटं गळतात, शब्द तुटतात किंवा एका बाजूचा आवाज पूर्ण जातो, पण जोडणी मात्र कागदोपत्री शाबूत असते. म्हणूनच व्होल्टीसाठी पाकिटं किती गळतात याचं मोजमापही ट्रायने पुढे नियमांत आणलं. काकूंची तक्रार खरं तर त्या रकान्यातली. पण त्या फोनवर सांगतात 'कॉल कट होतो', समोरचा मुलगा 'कॉल ड्रॉप' असा पर्याय निवडतो, आणि मग मागचे लोक चुकीच्या आकड्यात उत्तर शोधतात.

आता निकष. सगळ्यांच्या तोंडी '२ टक्के' असतं. २००९ च्या नियमांत तो संपूर्ण परवाना क्षेत्राच्या सरासरीवर होता. परवाना क्षेत्र, ज्याला 'सर्कल' म्हणतात, म्हणजे किती मोठं? मुंबईचं वेगळं आहे, पण उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच. म्हणजे गोंदियापासून काणकोणपर्यंतची एक सरासरी. त्यात एखाद्या सोसायटीचं काय दिसणार!

१ ऑक्टोबर २०१७ पासून ट्रायने सरासरी सोडून वेगळी पद्धत आणली. ती ऐकायला किचकट वाटते, पण दोन चाळण्या लक्षात ठेवल्या की पुरे. पहिल्या चाळणीत प्रत्येक सेलचे वाईटातले वाईट १० टक्के दिवस बाजूला काढायचे, मग वाईटातले वाईट १० टक्के सेल बाजूला काढायचे, आणि उरलेल्यांत सगळ्यात वाईट आकडा २ टक्क्यांच्या आत हवा. दुसरी चाळणी उलट बाजूने: रोज सगळ्यात खराब ३ टक्के सेल वगळायचे, मग खराब १० टक्के दिवस वगळायचे, आणि उरलेला सगळ्यात वाईट आकडा ३ टक्क्यांच्या आत हवा. सरासरीपेक्षा हे पुष्कळ बरं, कारण चांगल्या सेलच्या पाठीमागे खराब सेल लपवता येत नाहीत. पण वगळलेल्यांत कोण ते बघा. एखाद्या कंपनीचे क्षेत्रात १०,००० सेल असतील, तर पहिल्या चाळणीत १,००० सेल बाजूला पडतात आणि दुसऱ्या चाळणीत रोज ३००. तुमचा सेल त्या ३०० मध्ये कायमचा मुक्कामाला असेल, तरी कंपनी दोन्ही परीक्षांत पास होऊ शकते.

ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने सेवा-गुणवत्तेची नवी नियमावली काढली, ती १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. त्यात निकष टप्प्याटप्प्याने कडक होत जातात, आणि मोबाइलसाठी तिमाहीऐवजी दर महिन्याचा हिशेब १ एप्रिल २०२५ पासून सुरू झाला. कंपन्यांना आपली कामगिरी आणि कव्हरेजचा नकाशा वेबसाइटवर दाखवावा लागतो. महिन्याचा हिशेब आल्याने तीन महिन्यांच्या चादरीखाली एक वाईट महिना झाकायची सोय गेली. पण मोजमाप नेटवर्कचंच आहे, तुमचं नाही.

आणि तुमचा सेल वगळलेल्यांत नसेल तरी काय होतं, ते आकड्यांत बघू. हे आकडे समजावण्यापुरते माझे आहेत. समजा काकूंच्या सेलवर दिवसाला ६,००० कॉल जुळतात. आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूच्या वीस घरांतून मिळून १६० कॉल होतात आणि त्यातले ३० तुटतात, म्हणजे जवळजवळ १९ टक्के. उरलेल्या ५,८४० कॉलपैकी ६० तुटतात, म्हणजे जेमतेम १ टक्का. सेलचा एकूण दर आला ९० भागिले ६,०००, म्हणजे दीड टक्का. सेल पास, सर्कल पास, काकू नापास. त्यात मुके कॉल धरलेलेच नाहीत. म्हणून मी म्हटलं, कंपनी खोटं बोलत नाहीये. उत्तर नेटवर्कबद्दल होतं आणि काकू विचारत होत्या त्यांच्या बेडरूमबद्दल.

ट्रायच्या ड्राइव्ह टेस्टचंही तेच. स्वतंत्र संस्थेकडून होतात, प्रामाणिक असतात, पण गाडी रस्त्यावरून जाते. तुमच्या तीन भिंतींच्या आतल्या खोलीत ती येत नाही.

आता कामाचं. तक्रारीआधी दोष आपल्याच बाजूचा नाही ना हे दोन-तीन दिवस तपासा. पहिलं, वाय-फाय कॉलिंग बंद करून बघा. घरात वाय-फाय कमजोर असेल आणि फोन त्यालाच चिकटून राहिला, तर राउटरपासून लांबच्या खोलीत आवाज जातो, आणि त्या कॉलचा टॉवरच्या सेलशी संबंधच नसतो. तिथे टॉवरवर कितीही तक्रारी करा, काही सापडणार नाही. दुसरं, घरून लँडलाइनला किंवा चांगल्या सिग्नलमध्ये बसलेल्या माणसाला फोन करून बघा, कारण दोष समोरच्या टोकाचाही असू शकतो. तिसरं, तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला. काकूंच्या बाबतीत तिन्ही करून झालं. वाय-फाय कॉलिंग बंद, लेक दुसऱ्या फोनवरून बोलली, सिम माझ्या फोनमध्ये घातलं, आवाज तसाच जात राहिला.

मग सिग्नल मोजा. अनेक अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये `*#*#4636#*#*` टाकलं की फोनच्या माहितीचं पान उघडतं, आयफोनवर `*3001#12345#*`. काही फोनमध्ये पहिला कोड चालत नाही, तिथे सिग्नल दाखवणारं एखादं अ‍ॅप घ्या. दोन गोष्टी बघायच्या. एक `rsrp`, म्हणजे सिग्नलची ताकद. तो आकडा उणे असतो. उणे ९० च्या आसपास असेल तर छान, उणे ११० च्या पलीकडे गेला की काठावर. दांड्या बघू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मनाने दाखवतो. दुसरी `mCi`, म्हणजे सेलचा क्रमांक. फोरजीवर त्याला २५६ ने भागलं की टॉवरचा क्रमांक निघतो आणि बाकी उरते ती सेलची. समजा ५४३६०३२२ दिसला. २५६ ने भागल्यावर २१२३४५ येतात आणि २ उरतात, म्हणजे टॉवर २१२३४५, सेल २.

काकूंच्या हॉलमध्ये `rsrp` उणे १०१ होता, बेडरूममध्ये उणे ११७. आणि गंमत अशी की दोन खोल्यांत टॉवर वेगवेगळे. बेडरूममध्ये फोन ज्या टॉवरवर होता त्याचा क्रमांक मला शेजारच्या गल्लीत कुठेच दिसेना. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे गेलो तर तिथे, चांगल्या दीड किलोमीटरवर. म्हणजे जवळचा टॉवर असताना फोन लांबच्या टॉवरच्या काठावर लोंबकळत होता. ही 'कमी नेटवर्क'पेक्षा कितीतरी नेमकी माहिती आहे, आणि ती घरबसल्या मिळाली.

मग आम्ही एका वहीत नऊ दिवस नोंदी केल्या. तारीख, वेळ, खोली, कॉल लावला की आला, किती मिनिटांनी काय झालं, आणि सर्वांत महत्त्वाचं, आवाज गेला की कॉल आपोआप कटला. एकूण २७ कॉल झाले. १० वेळा आवाज गेला, २ वेळा कॉल खरोखर तुटला. ते बाराही कॉल बेडरूममधले. हॉलमधल्या एकालाही काही झालं नाही. म्हणजे कंपनीच्या खात्यात जास्तीत जास्त २ ड्रॉप, आणि काकूंच्या हिशेबात १२.

तक्रार १९८ वर करा किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर, पण डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार तो द्यावाच लागतो, आणि पुढची पायरी त्याच्याशिवाय चढता येत नाही. तक्रार बंद झाल्याचा मेसेज पुसून टाकू नका. काकूंनी आधी लिहिलं होतं, 'रोज कॉल ड्रॉप होतो, नेटवर्क सुधारा.' त्यावर जे उत्तर आलं तेच येणार होतं. सातव्या वेळी आम्ही असं लिहिलं:

"इमारतीच्या मागील बाजूच्या बेडरूममध्ये, दुसरा मजला, रात्री ९ ते १० दरम्यान व्होल्टी कॉलमध्ये १ ते ३ मिनिटांनी एका बाजूचा आवाज पूर्ण जातो. कॉल चालू दिसतो, आम्हाला स्वतः बंद करावा लागतो. ९ दिवसांत २७ पैकी १० कॉलना असे झाले, २ कॉल आपोआप तुटले. त्या खोलीत फोन नदीपलीकडील टॉवरवर असतो, क्रमांक सोबत दिला आहे, सिग्नल उणे ११७. हॉलमध्ये जवळच्या टॉवरवर उणे १०१ मिळतो व त्रास नाही. वाय-फाय कॉलिंग बंद आहे, दुसऱ्या फोनवरही हेच. सर्कलची किंवा शहराची सरासरी नको. या दोन सेलचा याच वेळेतला ड्रॉप दर आणि आवाजाच्या पाकिटांची गळती तपासून जागेवर पाहणी करावी."

तरीही पहिल्या पायरीवर उत्तर तेच आलं. मला त्याचं नवल वाटलं नाही, तो मेसेज ठोकळेबाज असतो. मग अपील. प्रत्येक कंपनीला अपिलीय प्राधिकारी नेमावा लागतो, त्याचा पत्ता आणि ईमेल वेबसाइटवर असतो. तक्रारीच्या निकालावर समाधान नसेल तर ३० दिवसांत अपील करता येतं, फी नाही, आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. वहीतल्या पानांचे फोटो आणि दोन स्क्रीनशॉट जोडले. अकराव्या दिवशी इंजिनिअरचा फोन आला, पत्ता विचारायला. आला, बेडरूममध्ये उभा राहून लॅपटॉपवर पाच मिनिटं बघितलं, आणि म्हणाला, जवळच्या टॉवरच्या या बाजूच्या अँटेनाचा कल मध्यंतरी खाली केला होता, त्यामुळे मागची बाजू उघडी पडली. आठवड्याने त्या खोलीत उणे १०६ मिळू लागला आणि फोन जवळच्याच टॉवरवर दिसला. आवाज आता क्वचित जातो, पावसात एखाद्या रात्री. काकूंचं त्यावर भागतं.

सगळीकडे इतक्यात मिटत नाही. जवळ टॉवरच नसेल, सोसायटी किंवा शेजारी टॉवर बसवू देत नसतील, तर इंजिनिअर हात वर करतो आणि त्यात त्याचा दोष नसतो. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचं प्रीपेड सिम आणून त्याच खोलीत, त्याच वेळेला चार दिवस वापरून बघा आणि मगच `PORT` लिहून पुढे आपला नंबर टाकून १९०० वर पाठवा. शेजारी म्हणाला म्हणून पोर्ट करू नका, त्याची खोली वेगळी.

पैशांबद्दल हमखास विचारतात. दर तुटलेल्या कॉलमागे १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३ रुपये, असा नियम ट्रायने १ जानेवारी २०१६ पासून आणला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो ११ मे २०१६ ला रद्द केला. त्यातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे: गुणवत्तेचे नियमच जर २ टक्के ड्रॉप चालवून घेतात, तर त्या मर्यादेत राहणाऱ्या कंपनीलाही प्रत्येक कॉलमागे दंड कसा? म्हणून आज 'माझे पाच कॉल तुटले, पाच रुपये द्या' असा हक्क नाही. निकष मोडला तर दंड कंपनी ट्रायकडे भरते, तुमच्या खात्यात काही येत नाही. २०२४ च्या नियमावलीत ग्राहकाला सवलत आहे ती वेगळ्या प्रसंगासाठी, जिल्ह्याच्या पातळीवर सेवाच २४ तासांहून जास्त बंद पडली तर.

ट्रायला थेट लिहूनही फारसं होत नाही. वैयक्तिक तक्रारींचा निवाडा ट्राय करत नाही, ती कंपनीकडेच पाठवते. अपिलानंतरही अडलं तर दूरसंचार विभागाकडे `pgportal.gov.in` वरून जाता येतं. आणि नुकसान खरोखर मोठं असेल तर ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध तिथे जाता येत नाही असा युक्तिवाद कंपन्या वर्षानुवर्षं करत होत्या, तो सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये फेटाळला. तिथेही '२ टक्के' घेऊन जाऊ नका. वही घेऊन जा.